मानेवरची न दुखणारी गाठ फुटली, दोन महिने वाहतेय. ही गंडमाळ म्हणजे टीबीच का?

तुळशीकट्टा · ९ फेब्रुवारी

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, वय १९, बार्शीजवळ गावी असते. बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत आम्ही गेलो तेव्हा तिच्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या मागे सुपारीएवढी गाठ दिसली. दाबली तरी दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दिवाळीपर्यंत गाठ लिंबाएवढी झाली आणि मऊ पडली. वरची कातडी आधी लाल, मग जांभळट झाली आणि पातळ होऊन चकाकायला लागली. पण हात लावला तर गरम लागत नव्हती, तापही नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी आठ दिवस अँटिबायोटिक दिलं. डिसेंबरात ‘गळू पिकलंय’ म्हणून चिरा देऊन पू काढला. तेव्हापासून आजपर्यंत ती जखम मिटलेली नाही. रोज दोन वेळा पट्टी बदलते. पू हिरवा नाही आणि त्याला वासही नाही. पाणचट असतो, त्यात फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण असतात. काल मी स्वतः पट्टी केली. जखमेच्या कडेला कापसाचा बोळा टेकवला तर तो कातडीखाली आत सरकला, तिथे कप्पाच आहे जणू. आणि तिला काही दुखलं नाही.

सासूबाई म्हणतात ही गंडमाळ, डाग देणाऱ्याकडे नेऊ. मुलीचा छातीचा एक्सरे चांगला आहे, खोकला नाही. मग टीबी कसा असेल? वजन ४१ किलो आहे, पूर्वी ४६ होतं. काय करावं?

अळूवडी · ९ फेब्रुवारी

काकू, आमच्या आईलाही होती. आयोडीनयुक्त मीठ सुरू करा आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. आईची गाठ गोळ्यांनी दोन वर्षांत बरीच बसली.

निर्गुडी · ९ फेब्रुवारी

अळूवडी, तुम्ही म्हणताय तो गलगंड. तो गळ्याच्या समोर असतो आणि घास गिळताना वर-खाली सरकतो. काकूंनी सांगितलेली गाठ बाजूला, जबड्यामागे आहे आणि ती फुटली आहे. नावं सारखी असल्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात दोन्ही विकार शेजारी शेजारी आहेत, पण वेगळे सांगितलेत. पिकून फुटणाऱ्या, वाहणाऱ्या गाठींना तिथे अपची म्हटलंय.

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. अशा रुग्णाला कांचनार गुग्गुळ द्यायची आमच्याकडे परंपरा आहे. तरी स्पष्ट लिहितो, ही गाठ वाहायला लागलेली असताना माझ्याकडे आली तर मी आधी टीबीची तपासणी करायला पाठवतो. गुग्गुळावर वेळ घालवायचा नाही. आणि डाग तर मुळीच देऊ नका. खालची गाठ तशीच राहते आणि वर भाजल्याची जखम वाढते.

स्पष्टवक्ता · १० फेब्रुवारी

टीबीच असणार. माँटू करून घ्या, पॉझिटिव्ह आली की पक्कं. आणि आजपासून तिचं ताट, वाटी, पांघरूण वेगळं करा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना दुसरीकडे ठेवा. कटू वाटेल, पण संसर्गजन्य रोग आहे.

करवंद · १० फेब्रुवारी

तालुक्याच्या ठिकाणी वीस वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. मुलीला न पाहता निदान करणार नाही, पण तुम्ही बोळ्याचं जे लिहिलंय ते वाचून थांबले.

साध्या गळवाच्या जखमेची कड तळाला चिकटलेली असते. इथे कड वरून धड दिसते, पण खालून पोखरलेली असते. रोग कातडीत सुरूच होत नाही. तो खालच्या लसिकाग्रंथीत असतो, तिथे कुजतो, मऊ होतो आणि वाट काढत कातडीपर्यंत येतो. जांभळी पोखरलेली कड, पाणचट स्राव, कण, दुखणं नाही, ऊब नाही, हे सगळं एकत्र आलं की माझ्या मनात पहिलं नाव स्क्रोफुलोडर्मा, म्हणजे खालच्या गाठीतून कातडीत आलेला टीबी, हे येतं. सासूबाई म्हणतात ती गंडमाळ बहुतेक वेळा हीच. छातीचा एक्सरे स्वच्छ असला तरी हे होऊ शकतं, त्यामुळे त्या एक्सरेवर निश्चिंत होऊ नका.

चिरा का मिटला नाही, तेही यातच आलं. नेहमीच्या गळवात पू निघाला की पोकळी भरते. इथे पू तयार करणारी गाठ आत जिवंत आहे, म्हणून चिरा उघडाच राहतो आणि त्याचं नासूर होतं. अशा मऊ गाठीतून पू काढायचाच असेल तर जाड सुईने, बाजूच्या चांगल्या कातडीतून शिरून ओढतात. पातळ झालेल्या जांभळ्या कातडीत सुई किंवा सुरी घालत नाहीत. त्या डॉक्टरांना दोष देत नाही. ओपीडीत रोज दहा गळवं येतात आणि त्यांतलं एखादंच असं निघतं.

स्पष्टवक्ता, तुमचं अर्धं बरोबर आहे. संशय योग्य, पण माँटूने पक्कं होत नाही. आपल्याकडे जंतू शरीरात गेलेले पण आजारी नसलेले कितीतरी लोक आहेत, त्यांचीही पॉझिटिव्ह येते. आणि ताट वेगळं करण्याची काहीच गरज नाही. टीबी पसरतो तो फुफ्फुसांतून, खोकल्यातून. मानेच्या गाठीचा टीबी असलेलं माणूस शेजारी जेवलं तर काही होत नाही. पट्टी झाकलेली ठेवायची, वापरलेली पिशवीत बांधून टाकायची, हात साबणाने धुवायचे. एवढंच.

काकू, दोन प्रश्न. अँटिबायोटिक कोणतं दिलं होतं? आणि घरात कुणाला खोकला आहे का?

तुळशीकट्टा · १० फेब्रुवारी

चिठ्ठीवर लिव्होफ्लॉक्सासिन आहे. चार-पाच दिवस गाठ जरा बसल्यासारखी झाली होती, मग परत आली.

खोकला तिच्या आजोबांना आहे, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. पण ते बिडी ओढतात, त्यांना वर्षानुवर्षं आहे.

करवंद · १० फेब्रुवारी

लिव्होफ्लॉक्सासिन टीबीवर थोडं चालतं. बरं करत नाही, पण दाबतं. त्यामुळे चार दिवस बरं वाटतं आणि मधल्या काळात तपासणी केली तर जंतू हाती लागत नाहीत. म्हणून निदान होण्याआधी ते देऊ नये, असं आम्ही सांगतो. आता बरेच आठवडे झालेत, तपासणीला हरकत नाही.

आणि आजोबांचा बेडका उद्याच तपासायला द्या. ही मुलगी कुणाला देत नसेल, पण तिला कुणाकडून तरी मिळालंय. बिडीचा खोकला म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलेल्या खोकल्यात टीबी लपलेला मी पुष्कळदा पाहिलाय.

काचपट्टी · ११ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. डॉक्टर निदान सांगतीलच, मी फक्त नमुन्याबद्दल लिहितो, कारण चूक नेहमी तिथेच होते.

जखमेवरून कापूस फिरवून स्वॅब पाठवू नका. वरच्या पुवात कातडीवरचे नेहमीचे जंतू सापडतात, रिपोर्टवर ‘स्टॅफिलोकोकस’ येतं आणि आणखी एक अँटिबायोटिक सुरू होतं. या जखमेत टीबीचे जंतू मुळातच थोडे असतात. सुईने आतून ओढलेला पू हवा किंवा जखमेच्या कडेचा तुकडा हवा.

तुकडा काढला तर त्याचे दोन भाग करायला सांगा. एक फॉर्मेलिनमध्ये. तो हिस्टोपॅथॉलॉजीला जातो, पेशी कशा दिसतात ते तिथे कळतं. दुसरा नुसत्या सलाइनमध्ये, निर्जंतुक डबीत. तो सीबीनॅटला आणि कल्चरला. फॉर्मेलिनमध्ये पडला की जंतू मेले, मग कल्चर येणारच नाही. माझ्या टेबलावर दर आठवड्याला अशी एखादी डबी येते, वर लिहिलेलं असतं ‘कल्चरसाठी’, आणि झाकण उघडताच फॉर्मेलिनचा भपकारा येतो. रुग्णाला परत टोचावं लागतं.

सीबीनॅट यंत्रात घातल्यावर दोनेक तासांत सांगतं, जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन लागू पडेल का. पण निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं धरू नका.

टेम्सकाठ · १२ फेब्रुवारी

आमच्याकडे इंग्लंडमध्ये भाच्याला हेच झालं होतं, शिकायला आला त्या वर्षी. त्याची गाठ फुटली नव्हती. इथल्या डॉक्टरांनी आधी लिम्फोमाची भीती घातली, तुकडा काढल्यावर टीबी निघाला. म्हणजे न दुखणारी गाठ टीबीचीच असते असंही नाही, तेव्हा तुकड्याची तपासणी टाळू नका.

या देशात पूर्वी या रोगाला ‘राजाचा रोग’ म्हणत. राजाने किंवा राणीने हात लावला की बरा होतो, अशी श्रद्धा होती. कोशकार सॅम्युएल जॉन्सनला लहानपणी, १७१२ साली, अॅन राणीकडे आणलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचे आणि मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. आपल्याकडचा डाग आठवला म्हणून लिहिलं.

तुळशीकट्टा · २८ फेब्रुवारी

उशीर झाला, माफ करा. मोठ्या गावी एका दवाखान्यात नेलं. तुकडा काढला. मी काचपट्टींचं वाचलं होतं, पण आत माझे दीर होते आणि त्यांना आयत्या वेळी बोलता आलं नाही. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की ग्रॅन्युलोमा आहेत, केसिएशन आहे, जंतू दिसले नाहीत, टीबी सुचवतो. एचआयव्ही निगेटिव्ह, साखर ठीक. डॉक्टर म्हणतात औषधं सुरू करू. करायची का?

सासऱ्यांचा बेडका पॉझिटिव्ह आला आहे. त्यांची औषधं सोमवारी सुरू झाली. मुलगी लहानपणापासून त्यांच्याच खोलीत झोपते.

काचपट्टी · २८ फेब्रुवारी

औषधं लागणार यात शंका नाही. पण जखम अजून वाहते आहे ना? मग जवळच्या सरकारी क्षयरोग केंद्रात जाऊन आतला पू सुईने ओढून सलाइनच्या डबीत द्या. दोन दिवसांचं काम. फॉर्मेलिनच्या रिपोर्टने टीबी कळला, पण औषध लागू पडणारा आहे की नाही ते कळलं नाही. सहा महिने गोळ्या खायच्या असतील तर ते आधी माहीत हवं. आजोबांच्या बेडक्याचा रिपोर्टही सोबत न्या. त्यात रिफॅम्पिसिनपुढे काय लिहिलंय ते डॉक्टरांना महत्त्वाचं.

तुळशीकट्टा · ६ मार्च

सीबीनॅट पॉझिटिव्ह, रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नाही. सासऱ्यांचंही तसंच. आज पहिला डोस घेतला. रोज एकदम तीन गोळ्या, तिच्या वजनाला तेवढ्या. दोन महिने चार औषधांच्या आणि पुढे चार महिने तीन औषधांच्या. सगळं फुकट मिळालं, निक्षयवर नाव नोंदवलं, आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतील म्हणाले. लघवी केशरी झाली म्हणून ती घाबरली होती. ते रिफॅम्पिसिनमुळे होतं असं नर्सने आधीच सांगितलेलं मी विसरले होते.

जुनी_वाट · ७ मार्च

माझं वय ५८. मला १९९१ साली कोल्हापूरला असताना झालं होतं, मानेच्या डाव्या बाजूला. तीनदा चिरे दिले. मग टीबी म्हणून ओळखलं, इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत जखम बंद झाली आणि मी गोळ्या बंद केल्या. गावाकडे लग्न होतं, गोळ्या खाताना लोकांनी बघू नये असं वाटायचं. दहा महिन्यांनी त्याच्याच खाली दुसरी गाठ फुटली. परत पहिल्यापासून सगळं. आज माझ्या मानेवर दोरीसारखा आवळलेला व्रण आहे, दाढी करताना ब्लेड त्यावर अडकतं. मुलीला एवढंच सांगा की जखम बंद होणं आणि रोग जाणं एकाच दिवशी होत नाही.

तुळशीकट्टा · २२ एप्रिल

फार घाबरले आहे. जखम भरत आली होती, वजन ४३ झालं होतं. गेल्या आठवड्यात त्याच बाजूला हाडाच्या वर, हसळीपाशी नवीन गाठ आली आणि आज आवळ्याएवढी आहे. जुन्या जागेचा स्रावही वाढलाय. एक गोळी चुकलेली नाही, मी रोज फोन करते. दीर म्हणतात औषध लागू नाही, बंद करू.

स्पष्टवक्ता · २२ एप्रिल

रेझिस्टंट झालाय. मुंबईला न्या, वेळ घालवू नका.

करवंद · २२ एप्रिल

औषधं बंद करू नका. आज रात्रीचा डोसही चुकवू नका.

ग्रंथींच्या टीबीत औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी जुन्या गाठी फुगणं, नवीन दिसणं हे बऱ्याच रुग्णांत होतं. जंतू मरायला लागतात, त्यांचे अवशेष शरीरात पसरतात आणि इतके दिवस स्वस्थ बसलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. रोग हटत असतानाच गाठ मोठी दिसते. भूक लागते आहे, वजन दोन किलो वाढलंय, ताप नाही, म्हणून माझा कल तिकडे. वजन घटत असतं तर मी वेगळं लिहिलं असतं.

पण स्पष्टवक्ता यांची शंका घरात बसून मिटणारी नाही. केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा, गाठ मऊ असेल तर सुईने पू काढून पाठवू द्या.

काचपट्टी · २३ एप्रिल

पू पाठवाल तेव्हा एक लक्षात ठेवा. सीबीनॅट परत पॉझिटिव्ह येईल, आणि त्याने घाबरू नका. ते यंत्र जंतूचा डीएनए शोधतं, मेलेल्या जंतूचाही. स्लाइडवर जंतू दिसले तरी ते जिवंत आहेत की मेलेले हे रंगावरून सांगता येत नाही. जिवंत आहे का ते कल्चरच सांगतं, आणि त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. तेवढा धीर धरावा लागतो. सीबीनॅटमध्ये रिफॅम्पिसिनपुढे काय येतं तेवढं मात्र नक्की बघा.

टेम्सकाठ · २३ एप्रिल

भाच्याला याच वेळी स्टिरॉइड दिलं होतं, आठवडाभरात गाठ बसली. विचारून बघा.

करवंद · २४ एप्रिल

काही डॉक्टर देतात. मी क्वचितच देते. गाठ श्वासनलिकेवर दाबत असेल, फार दुखत असेल तर विचार करते. नुसत्या फुगलेल्या गाठीला सुईने रिकामी करून थांबणं मला पटतं. यावर सगळ्यांचं एकमत नाही, तेव्हा जो डॉक्टर तिला समोर बघतोय त्याचं ऐका.

तुळशीकट्टा · १२ जून

एप्रिलअखेर सुईने सात मिली पू काढला, दोन आठवड्यांनी परत चार. स्टिरॉइड दिलं नाही. सीबीनॅट पॉझिटिव्ह, रेझिस्टन्स नाही, अगदी काचपट्टी म्हणाले तसं. दिरांना मी हे आधीच वाचून दाखवलं होतं, म्हणून ते गप्प राहिले. परवा कल्चर आलं, काही उगवलं नाही. खालची गाठ आता हरभऱ्याएवढी आहे. वरची जखम कोरडी पडतेय. बोळा टेकवून बघितला, आता कडेखाली जात नाही.

सासऱ्यांचा दोन महिन्यांनंतरचा बेडका निगेटिव्ह आला. धाकट्या पुतण्याची तपासणी झाली, त्याला टीबी नाही, प्रतिबंधक गोळ्या चालू आहेत.

जुनी_वाट · १३ जून

वाचून बरं वाटलं. गोळ्या.

तुळशीकट्टा · २४ ऑगस्ट

परवा शेवटचा डोस झाला. वजन ४८. जखम बंद आहे, तिथे सुरकुतलेला, दोन्हीकडून ओढल्यासारखा व्रण आहे, बोटाच्या पेराएवढा. हसळीवरची गाठ गेली. पण कानाखालची मूळची गाठ अजून बोटाला लागते. कडक, न दुखणारी, सोनोग्राफीत ९ मिलिमीटर. केंद्रातले डॉक्टर म्हणतात उपचार पूर्ण झाले, थांबायचं. आम्ही एका खासगी डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात आणखी तीन महिने द्या. कुणाचं ऐकू?

आणि एक. व्रणाचं काही करता येतं का? तिच्या आईला लग्नाची चिंता आहे. मुलीला नाही, ती ओढणी न घेता कॉलेजला जाते.

करवंद · २५ ऑगस्ट

उपचार संपल्यावर छोटी गाठ मागे राहणं नेहमीचं आहे. बहुतेक ती मेलेल्या ग्रंथीची गुठळी असते. वाढत नसेल, मऊ पडत नसेल तर मी थांबते आणि तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी परत मोजते. मोजमाप त्याच सेंटरला करा, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. वाढली किंवा कातडी पुन्हा जांभळी झाली तर आधी पू किंवा तुकडा काढायचा, नुसत्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या नाहीत.

व्रणाला वर्षभर हात लावू नका, तो आपोआप मऊ आणि फिकट होतो. त्यानंतर बघता येईल.

निर्गुडी · २५ ऑगस्ट

माझ्या ओळखीचे दोन छातीविकारतज्ज्ञ अशा वेळी नऊ महिन्यांपर्यंत देतात. त्यांचं म्हणणं, जिथे मध्ये गाठी फुगल्या होत्या तिथे जोखीम नको. करवंद, तुम्हाला हे पटत नाही का?

करवंद · २५ ऑगस्ट

कल्चर निर्जंतुक आलेलं आहे, म्हणून या मुलीत नाही. ते आलं नसतं तर मीही विचारात पडले असते.

तुळशीकट्टा · २६ ऑगस्ट

दिरांशी बोलले. थांबायचं ठरलं. २० नोव्हेंबरला सोनोग्राफी त्याच सेंटरला, चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. आकडा आला की इथे लिहीन.